विक्री कराराचा मसुदा ईमेलने पाठवताना: दंड, हमी आणि वाद या कलमांवर नेमके उत्तर कसे मिळवावे

मसुदा जातो, तीन कलमांवर पिवळा रंग असतो आणि ईमेलमध्ये एकच ओळ असते: "कृपया पाहून कळवावे." चार दिवसांनी उत्तर येते, "पाहिले, साधारण ठीक वाटते." आता हे 'ठीक' कशाला? दंडाच्या टक्क्यांना, हमीच्या मुदतीला, की नुसत्या भाषेला? पुढे माल उशिरा आला आणि दंड कापायची वेळ आली की दोन्ही बाजू हाच ईमेल उघडून त्यातून आपापल्या सोयीचा अर्थ काढतात.

चूक समोरच्याची नसते. रंग लक्ष वेधून घेतो, पण प्रश्न विचारत नाही. ज्या कलमावर मत हवे आहे त्याच्याजवळ एक ठोस प्रश्न, तो प्रश्न नक्की कोणत्या प्रतीबद्दल आहे हे, आणि उत्तर कोणी, कधीपर्यंत द्यायचे हे तिन्ही लिहिलेले असेल तरच कामाचे उत्तर येते.

समजायला सोपे जावे म्हणून एकच व्यवहार शेवटपर्यंत धरू. एक कंपनी दुसऱ्या कंपनीकडून पॅकिंग मशीन विकत घेते आहे. मसुदा खरेदीदाराने तयार केला आहे आणि तो विक्रेत्याला पाठवायचा आहे. मशीन 12 आठवड्यांत पोचवायचे आहे. कलम 11 दंडाचे, कलम 14 हमीचे आणि कलम 19 वादाचे. तुम्ही विक्रेता असाल तर बाजू उलटेल, पायऱ्या त्याच राहतील.

## टप्पा 1: बाहेर पाठवण्याआधी घरात एकमत

खरेदी विभाग मसुदा पाठवतो आणि हमीची मुदत कधी सुरू व्हावी हे कारखान्यातल्या लोकांना कोणी विचारलेलेच नसते, असे फार वेळा होते. मग विक्रेत्याचे उत्तर आल्यावर आपल्याच कंपनीतून नवे आक्षेप निघतात. आपणच पाठवलेला मसुदा आपणच मागे घेतला की वाटाघाटीत पुढच्या प्रत्येक शब्दाचे वजन कमी होते.

म्हणून तिन्ही कलमांसाठी आधी तीन गोष्टी ठरवा: मसुद्यात आपण काय लिहिले आहे, किती मागे सरकायला तयार आहोत, आणि कोणत्या मुद्द्यावर अजिबात हटणार नाही. दंडाच्या बाबतीत हे असे दिसेल: मसुद्यात दर आठवड्याला 0.5 टक्के, कमाल 5 टक्के. आठवड्याचा दर थोडा कमी झाला तरी चालेल. कमाल मर्यादा गाठल्यावर करार रद्द करण्याचा हक्क मात्र हवाच.

सावधान: ही टिपणे वेगळ्या कागदावर किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मसुद्याच्या फाइलमध्ये कॉमेंट म्हणून कधीही लिहू नका, "नंतर काढून टाकू" म्हणूनसुद्धा नाही. "इथे आपण 3 टक्क्यांपर्यंत उतरू शकतो" अशी एक कॉमेंट चुकून गेली की त्या कलमावरची वाटाघाट तिथेच संपते.

## टप्पा 2: मूळ फाइल नीट करणे

रंगाला हात लावण्याआधी मजकूर स्थिर हवा. चारच कामे आहेत, पण क्रम पाळा.

1. फाइलच्या नावात व्यवहार, आवृत्ती आणि तारीख द्या आणि तीच आवृत्ती प्रत्येक पानाच्या तळाशी छापा. नावात 'फायनल' हा शब्द नको, कारण त्यानंतर हमखास आणखी एक फायनल येते. असे नाव पुरते:

```
VikriKarar_PackingMachine_v03_YYYY-MM-DD.docx
```

2. कलमांचे परस्पर संदर्भ ताजे करा. मध्येच एखादे कलम घातले की पुढचे आकडे आपोआप सरकतात, पण "कलम 14.3 नुसार" असा मजकुरातला संदर्भ जुनाच राहतो. वर्डमध्ये संदर्भ फील्ड म्हणून घातले असतील तर `Ctrl+A` आणि मग `F9` दाबा. त्यानंतर `Error! Reference source not found.` हा मजकूर शोधा. तो सापडला तर ज्याचा संदर्भ दिला होता ते कलम किंवा ती खूण आता फाइलमध्ये नाही, असा त्याचा अर्थ. संदर्भ हाताने टाइप केले असतील तर हातानेच तपासण्यावाचून इलाज नाही.

3. व्याख्या वाचा. 'कराराची किंमत' यात कर आणि वाहतूक धरली आहे का? 'डिलिव्हरी' म्हणजे विक्रेत्याच्या गोदामातून निघणे, आपल्या दारात येणे, की चालू होणे? दंड आणि हमी ही दोन्ही कलमे या शब्दांवर उभी आहेत. कलम कितीही नेटके असले तरी व्याख्या सैल असेल तर उपयोग नाही.

4. परिशिष्टे जोडा. हमीच्या कलमात "परिशिष्ट ग मधील सुटे भाग वगळून" असे लिहिले असेल आणि परिशिष्ट ग सोबत नसेल, तर समोरच्याने त्या कलमावर मत द्यायचे तरी कशावरून?

तपासा: शेवटचे पान आणि प्रत्येक परिशिष्टाचे पहिले पान डोळ्यांनी पाहा. फाइलमध्ये असेलच, असे गृहीत धरू नका.

## टप्पा 3: तिन्ही कलमांत नेमके काय ठळक करायचे

अख्खे कलम रंगवले की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ज्या शब्दांवरून पुढे पैसे किंवा दिवस बदलतात तेवढेच शब्द रंगवा. ते शोधायचे कसे, हे एकेक कलम घेऊन पाहू. सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला द्यावा.

### कलम 11: उशिराचा दंड

मसुद्यातले वाक्य असे आहे: "मान्य मुदतीनंतर होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक पूर्ण आठवड्यासाठी कराराच्या किमतीच्या 0.5 टक्के रक्कम विक्रेता देईल. ही एकूण रक्कम कराराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही."

बहुतेक लोक 0.5 आणि 5 हे दोन आकडे रंगवून मोकळे होतात. भांडण मात्र आकड्यांवरून कमी आणि त्यांच्या आजूबाजूच्या शब्दांवरून जास्त होते.

'प्रत्येक पूर्ण आठवड्यासाठी' हे शब्द घ्या. मशीन 20 दिवस उशिरा आले तर पूर्ण आठवडे दोनच भरतात, म्हणजे दंड 1 टक्का. तिथे 'आठवडा किंवा त्याचा भाग' असे असते तर तीन आठवडे धरले गेले असते आणि दंड 1.5 टक्के झाला असता. शब्दांच्या या फरकाने दंड दीडपट होतो.

'कराराच्या किमतीच्या' हे दुसरे ठिकाण. समजा मशीन वेळेवर आले, पण एकूण किमतीच्या 8 टक्के किमतीचा कन्व्हेयर तीन पूर्ण आठवडे उशिरा आला. पूर्ण किमतीवर मोजले तर दंड किमतीच्या 1.5 टक्के. उशिरा आलेल्या भागाच्याच किमतीवर मोजला तर 0.12 टक्के. विक्रेता दुसरे मागणार हे उघड आहे. पण कन्व्हेयरशिवाय मशीन चालतच नसेल तर खरेदीदाराने पहिल्यावर ठाम राहावे. इथे प्रश्न असा लिहा: "एखादा भाग नसल्याने मशीन चालू करता येत नसेल तर दंड पूर्ण किमतीवर मोजला जाईल, हे मान्य आहे का?"

तिसरे ठिकाण म्हणजे कमाल मर्यादा. दर आठवड्याला 0.5 टक्के या दराने 5 टक्के दहा आठवड्यांत पुरे होतात. अकराव्या आठवड्यापासून उशीर विक्रेत्याला फुकट पडतो. मर्यादा गाठल्यावर खरेदीदाराला करार रद्द करून आगाऊ रक्कम परत मागता येईल का, हे लिहिलेले नसेल तर ते कलम अर्धवटच आहे. मसुद्यात नसलेली गोष्ट रंगवता येत नाही, म्हणून अशा जागी मर्यादेच्या वाक्याला कॉमेंट जोडून सुचवलेले वाक्य तिथेच द्या.

उशीर आपल्यामुळे झाला तर काय, हेही पाहून घ्या. आगाऊ रक्कम उशिरा दिली किंवा जागा तयार नसली तर मुदत तितकीच पुढे सरकेल, असे वाक्य आपणहून घातलेले बरे. ते न्याय्य आहे, शिवाय विक्रेता ते मागणारच.

दंड किती टिकेल हे कायद्यावर अवलंबून असते. भारताच्या 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा ठरते आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. फ्रान्सच्या नागरी संहितेच्या कलम 1231-5 नुसार रक्कम उघडपणे अवाजवी असेल तर न्यायाधीश ती कमी करू शकतो. म्हणून 0.5 टक्के हा आकडा कसा आला, मशीन एक आठवडा नसल्याने साधारण काय नुकसान होते, याचे टिपण आपल्याकडे तारखेसह ठेवा. मसुद्यासोबत ते पाठवायची गरज नाही.

### कलम 14: हमी

यंत्रांच्या करारात नेहमी दिसणारे वाक्य इथेही आहे: "मशीन चालू करून दिल्यापासून 12 महिने किंवा रवाना केल्यापासून 18 महिने, यांपैकी जे आधी संपेल ते."

यात '12 महिने' रंगवणे सोपे आहे. रंगवायला हवे ते 'जे आधी संपेल ते'. आपल्या इमारतीचे काम रेंगाळले आणि मशीन रवाना झाल्यानंतर आठ महिन्यांनी चालू झाले, असे समजा. बारा महिने धरले तर हमी विसाव्या महिन्याला संपायला हवी. पण अठरावा महिना आधी येतो, म्हणजे हातात दहाच महिने उरतात. विक्रेत्याची बाजूही समजण्यासारखी आहे: खोक्यात पडून राहिलेल्या यंत्राची जबाबदारी त्याने किती काळ घ्यायची? म्हणून प्रश्न "हमी वाढवाल का" असा मोघम नको. "रवाना केल्यापासूनची मर्यादा 24 महिने करता येईल का? त्यासाठी साठवणुकीच्या काही अटी असतील तर कळवा." असा हवा. याला हो, नाही किंवा अटीसह हो, असे ठोस उत्तर देता येते.

'चालू करून दिल्यापासून' ही तारीख कोण आणि कशावरून ठरवणार, हेही पाहा. दोघांच्या सहीचे प्रमाणपत्र हवे, असे लिहिले असेल आणि खरेदीदाराने सहीच केली नाही तर? किंवा सही न करताच उत्पादन सुरू केले तर? या दोन शक्यतांसाठी एकेक वाक्य कलमात असायला हवे.

तक्रार आल्यावर माणूस किती दिवसांत येणार, बिघडलेला भाग नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, आणि बदललेल्या भागाला नव्याने हमी मिळते की उरलेलीच, हे तीन प्रश्न एकाच कॉमेंटमध्ये विचारले तरी चालतात, फक्त त्यांना 1, 2, 3 असे आकडे द्या. नाहीतर पहिल्याचे उत्तर येते आणि बाकीचे दोन हवेत राहतात.

### कलम 19: वाद

सर्वांत जास्त चिकटवाचिकटवी या कलमात होते. जुन्या करारातून उचललेल्या मजकुरात कलम 19 मध्ये लवाद असतो आणि शेवटच्या 'सर्वसाधारण तरतुदी' मध्ये "अमुक न्यायालयालाच अधिकार राहील" हे वाक्य तसेच राहून जाते. वाद झाला की मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि लवाद की न्यायालय यावरच वर्ष जाते. म्हणून संपूर्ण फाइलमध्ये 'न्यायालय', 'लवाद' आणि 'अधिकारक्षेत्र' हे शब्द शोधा आणि सापडलेले प्रत्येक वाक्य कलम 19 शी ताडून पाहा. खरेदी आदेशाच्या मागच्या पानावरच्या छापील अटीही विसरू नका. विसंगती आली तर कोणता कागद वरचढ, हे करारात एका वाक्यात सांगून टाका.

कलमातल्या पाच गोष्टी एकेक करून रंगवा: आधी आपसात बोलणी किती दिवस, हे दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, लवाद किती जणांचा, त्याचे कायदेशीर स्थान आणि भाषा कोणती, आणि कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू. यातला दुसरा मुद्दा जवळजवळ नेहमी सुटतो. "30 दिवस बोलणी" असे लिहिले, पण दिवस लेखी नोटीस मिळाल्यापासून की वाद 'उद्भवल्यापासून', हे लिहिले नाही, तर बोलणी कधी संपली हाच नवा वाद होतो.

स्थान आणि लागू कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लवादाच्या प्रक्रियेवर देखरेख कोणत्या देशाची न्यायालये करतील हे स्थानावरून ठरते, तर कराराचा अर्थ कोणत्या कायद्याने लावायचा हे लागू कायद्यावरून. बैठक कुठल्या शहरात भरते ही तिसरीच बाब.

खरेदीदार आणि विक्रेता दोन वेगळ्या देशांत असतील तर आणखी दोन गोष्टी लक्षात घ्या. लवादाचा निवाडा परदेशात अमलात आणण्यासाठी 1958 चा न्यूयॉर्क करार आहे आणि 170 हून अधिक देश त्यात आहेत. न्यायालयाच्या निकालाला इतका पसरलेला आधार नाही. दुसरी गोष्ट 1980 च्या संयुक्त राष्ट्रांच्या माल विक्री कराराची. दोन्ही देश त्यात सहभागी असतील आणि तुम्ही तो स्पष्टपणे वगळला नसेल, तर तो आपोआप लागू होतो. भारत त्यात सहभागी नाही, पण भारताबाहेरचा कायदा निवडलात तर त्या देशाचे काय, हे विचारावेच लागते. कलमात नुसते "अमुक देशाचा कायदा" लिहून थांबू नका.

तपासा: तिन्ही कलमे सलग वाचा. हमीतल्या दुरुस्तीला उशीर झाला तर कलम 11 चा दंड लागतो का? एकूण जबाबदारीची मर्यादा दंडाला धरून आहे की वेगळी? वाद चालू असताना दंड कापता येतो का? एकेकटे वाचताना ही भोके दिसत नाहीत.

## टप्पा 4: आधी सफाई, मग रंग

इथला क्रम लोक हमखास चुकवतात. ते आधी समोरच्यासाठी कॉमेंट लिहितात आणि मग फाइल साफ करतात. साफ करताना त्याच कॉमेंट उडतात, किंवा त्या उडू नयेत म्हणून सफाईच होत नाही.

1. फाइलची नवी प्रत करा. मूळ फाइल घरातच राहील.
2. सगळे जुने बदल स्वीकारा किंवा नाकारा आणि `Review > Track Changes` बंद करा. बदल डोळ्यांना दिसत नाहीत याचा अर्थ ते गेले असा नाही. दृश्य `All Markup` वर ठेवून खात्री करा.
3. `File > Info > Check for Issues > Inspect Document` चालवा. जुन्या कॉमेंट, लपवलेला मजकूर आणि लेखकाची माहिती इथे सापडते. जे काढायचे ते काढा.
4. लेखकाची माहिती काढली असेल तर नंतरच्या कॉमेंटवर नावाऐवजी `Author` दिसू लागते. कोणी काय लिहिले हे पुढे महत्त्वाचे ठरते, म्हणून `File > Info` मध्ये `Allow this information to be saved in your file` ही ओळ दिसल्यास तिच्यावर क्लिक करा.
5. आता `Home > Text Highlight Color` ने टप्पा 3 मध्ये निवडलेले शब्द रंगवा. तिन्ही कलमांना एकच फिकट पिवळा पुरतो. दंडाला लाल, हमीला हिरवा असे केले की काळ्यापांढऱ्या छपाईत सगळे सारखेच करडे होते आणि ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही त्यांची अडचण होते.
6. रंगवलेल्या प्रत्येक जागी कॉमेंट जोडा आणि तिची सुरुवात क्रमांकाने करा: "प्रश्न 11-अ", "प्रश्न 14-ब". हेच क्रमांक ईमेलमध्ये येतील.
7. `Review > Restrict Editing` मध्ये `Tracked changes` निवडून संरक्षण सुरू करा. यामुळे समोरच्याने केलेला प्रत्येक बदल दिसतो.

सावधान: हे संरक्षण म्हणजे सोय आहे, कुलूप नव्हे. समोरचा मजकूर कॉपी करून नव्या फाइलमध्ये टाकू शकतो. परत आलेली फाइल ताडून पाहायची ती टप्पा 6 मध्ये, आणि ते टाळता येत नाही.

याच आवृत्तीची एक पीडीएफही काढा, कॉमेंट आणि रंगाशिवाय. विक्रेत्याचा संचालक मोबाइलवर वाचणार असेल तर वर्डमधल्या कॉमेंट त्याला कदाचित दिसणारच नाहीत.

## टप्पा 5: ईमेल लिहिणे आणि पाठवणे

पत्ता सर्वांत शेवटी टाका. आधी मजकूर, मग अटॅचमेंट, मग पत्ता. पहिली दोन अक्षरे टाइप करताच ईमेल भलताच पत्ता सुचवतो आणि करार तिसऱ्याच पुरवठादाराकडे जातो. तसे घडले तर परत बोलावायला खात्रीचा मार्ग नाही.

'प्रति' मध्ये उत्तर देण्याचा अधिकार असलेली एकच व्यक्ती हवी. बाकीचे 'सीसी' मध्ये. पाच जणांना 'प्रति' मध्ये ठेवले तर प्रत्येकाला वाटते दुसरा उत्तर देईल, किंवा पाचही जण वेगवेगळ्या फाइलमध्ये बदल करून पाठवतात.

ईमेल असा असावा:

> विषय: विक्री कराराचा मसुदा v03, पॅकिंग मशीन: कलम 11, 14, 19 वर उत्तर हवे, 18 तारखेपर्यंत
>
> नमस्कार,
>
> पॅकिंग मशीनच्या विक्री कराराचा मसुदा v03 सोबत जोडला आहे. हा चर्चेसाठीचा मसुदा आहे. अधिकृत व्यक्तींच्या सह्या होईपर्यंत तो कोणावरही बंधनकारक नाही.
>
> संपूर्ण मसुदा पाहावाच, पण पुढील प्रश्नांची उत्तरे क्रमांकानुसार द्यावीत ही विनंती. या जागा फाइलमध्ये पिवळ्या केल्या आहेत.
>
> 11-अ (पान 6): दंड 'पूर्ण आठवड्यासाठी' की 'आठवडा किंवा त्याचा भाग'? आमची पसंती दुसऱ्याला आहे.
> 11-ब (पान 6): एखादा भाग नसल्याने मशीन चालू होत नसेल तर दंड पूर्ण किमतीवर. मान्य?
> 11-क (पान 7): 5 टक्के मर्यादा गाठल्यावर करार रद्द करण्याचा हक्क. सुचवलेले वाक्य कॉमेंटमध्ये आहे.
> 14-अ (पान 9): रवाना केल्यापासूनची मर्यादा 18 ऐवजी 24 महिने करता येईल का? साठवणुकीच्या अटी असल्यास कळवाव्यात.
> 14-ब (पान 9): बदललेल्या भागाची हमी नव्याने की उरलेली?
> 19-अ (पान 13): 30 दिवसांची बोलणी लेखी नोटीस मिळाल्यापासून मोजावी. मान्य?
> 19-ब (पान 13): एक लवाद की तीन?
>
> बदल सोबतच्या वर्ड फाइलमध्येच करावेत. ते आपोआप नोंदले जातील. आपल्या सर्व विभागांचे म्हणणे एकत्र करून एकच फाइल पाठवावी. काही मुद्द्यांना वेळ लागणार असेल तर कोणत्या आणि किती, एवढे तरी 18 तारखेपर्यंत कळवावे.
>
> सोबत: 1) मसुदा v03, वर्ड, 2) मसुदा v03, पीडीएफ, 3) परिशिष्ट क ते ग.

यातली 'बंधनकारक नाही' ही ओळ गाळू नका. अनेक देशांत ईमेलच्या देवाणघेवाणीतूनही करार झाला असे मानले जाऊ शकते. त्याच कारणाने "आम्हाला सर्व मान्य आहे, तुमचे कळवा" अशी वाक्ये मसुद्यासोबत लिहू नयेत.

"ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास मान्य समजू" हे वाक्य लोकांना फार आवडते. त्यावर भिस्त ठेवू नका. 1980 च्या माल विक्री कराराच्या कलम 18 मध्येच म्हटले आहे की नुसते मौन म्हणजे स्वीकृती नव्हे. उत्तर आले नाही तर आठवण करा, फोन करा आणि फोनवर ठरलेले लगेच ईमेलने लिहून पाठवा.

तपासा, पाठवण्याआधी: जोडलेली फाइल ईमेलमधूनच उघडा, फोल्डरमधून नव्हे. पानाच्या तळाशी v03 आहे ना? प्रश्नांसमोरची पाने जुळतात ना? घरातली एकही कॉमेंट राहिली नाही ना? शक्य असेल तर आधी स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवून मोबाइलवर उघडून पाहा.

फाइलला पासवर्ड असेल तर तो त्याच ईमेलमध्ये लिहू नका. फोनवर सांगा.

## टप्पा 6: उत्तर आल्यावर

परत आलेली फाइल आधी जशीच्या तशी साठवा, तिला हात लावू नका. मग `Review > Compare > Compare` वापरून तुम्ही पाठवलेली v03 आणि आलेली फाइल शेजारी ठेवा. नोंदलेल्या बदलांपेक्षा जास्त फरक निघाले तर ते कोणत्या कलमात आहेत ते लिहून काढा आणि सरळ विचारा. बहुतेक वेळा ते अनवधानाने झालेले असते, पण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उत्तरे प्रश्नांच्या क्रमांकानुसार एका तक्त्यात उतरवा: मान्य, अमान्य, बदल सुचवला, उत्तर नाही. 'उत्तर नाही' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण "साधारण ठीक" तिथेच लपलेले असते. 11-क बद्दल काहीच लिहिले नसेल तर ते मान्य झाले असे धरू नका, पुढच्या ईमेलमध्ये पुन्हा विचारा.

मान्य झालेले बदल मूळ फाइलमध्ये घेऊन v04 करा. v04 मध्ये फक्त उरलेल्या प्रश्नांच्या जागा पिवळ्या राहतील. मिटलेल्या जागांचा रंग काढून टाका, नाहीतर तिसऱ्या फेरीत काय उरले आहे हे कोणालाच कळणार नाही. जुनी आवृत्ती मात्र पुसू नका. एखादा शब्द का बदलला हे पुढे तिथूनच सापडते.

शेवटचा प्रश्न मिटला की सहीची प्रत करा. `Ctrl+A` करून हायलाइट `No Color` करा, उरलेल्या कॉमेंट काढा, बदल स्वीकारा, पुन्हा एकदा `F9`, आणि पानाच्या तळाचा 'मसुदा' हा शब्द काढा. या प्रतीची शेवटच्या मान्य आवृत्तीशी पुन्हा तुलना करा. फरक शून्य निघायला हवा, अपवाद फक्त तळाच्या ओळीचा. मग पीडीएफ काढून तीच दोन्ही बाजूंनी सही करण्यासाठी पाठवा. वर्ड फाइल सहीसाठी पाठवू नका.